चप्पल चावली, म्हणून गोळ्या वाढल्या

मुंबईत हिंदमाताला पावसात पाणी भरतं हे काही नवीन नाही. त्या संध्याकाळी बस अडकली, मग मी उतरले आणि गुडघाभर पाण्यातून दादर स्टेशन गाठलं. घरी येऊन साबणाने पाय धुतले आणि विषय संपला असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून गोळी घेतल्याचं सांगितलं, तेव्हा मी आमच्या भागातल्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाण्यातून किती वेळा चाललात? पायाला जखम आहे? मी म्हटलं, एकदाच, आणि जखम नाही. "चप्पल काढा बघू, ताई." टाचेवर चप्पल चावून सोललेली रुपयाएवढी जागा होती. मी तिला जखम म्हणतच नव्हते! उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतले जंतू पाण्यात येतात आणि अशाच सोललेल्या कातडीतून आत शिरतात, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यांतून किंवा तोंडातूनही जातात.

मुंबई महापालिकेचे निकष असे आहेत. एकदाच चाललात आणि जखम नसेल, तर मोठ्या माणसाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच. जखम असेल तर तेवढाच डोस रोज एकदा, तीन दिवस. पुन्हापुन्हा पाण्यात उतरावं लागत असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आमचा वॉचमन पंप चालू करायला दर पावसात तळघरात उतरतो, म्हणजे तो तिसऱ्या गटातला. माझे तीन दिवस ठरले. पाण्यात गेल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू करायची असते. मी दुसऱ्याच दिवशी गेले म्हणून बरं.

पहिला डोस मी सकाळी चहावर घेतला, शंभरच्या दोन कॅप्सूल. अर्ध्या तासात मळमळ, मग उलटी. पुढच्या दोन दिवशी जेवण झाल्यावर ग्लासभर पाण्याबरोबर घेतल्या आणि लगेच आडवी झाले नाही. काही त्रास झाला नाही. दुधाबरोबर किंवा पोटातल्या जळजळीच्या औषधाबरोबर घेऊ नका, असंही बजावलं होतं.

माझी वहिनी पाचव्या महिन्यात आहे, तीही त्याच पाण्यातून आलेली. "मलाही दोन दे," म्हणाली. मी दिल्या नाहीत. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन टाळतात, लहान मुलांनाही देत नाहीत. तिला डॉक्टरांनी तपासून ॲझिथ्रोमायसिन लिहून दिलं.

गोळ्या घेतल्या तरी पूर्ण खात्री नसते. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात, कधी महिनाही लागतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, कावीळ, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखान्यात जायचं आणि "मी साचलेल्या पाण्यातून चालले होते" हे आधी सांगायचं, कारण सुरुवातीच्या दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्हही येते.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला गोल केला. तोपर्यंत रोज रात्री पोटरी दाबून बघत होते. दुखली एकदा, पण ती लोकलच्या जिन्याने.