प्रश्नमंजूषेची पाटी आणि न पुसले जाणारे आकडे

आठवीच्या विज्ञानातल्या श्वसन आणि रक्ताभिसरणाच्या धड्याची उजळणी मी या वेळी टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसारखी घेतली. पॉवरपॉइंटमध्ये पहिल्या स्लाइडवर पाटी: वर श्वसन, हृदय, रक्त, रक्तगट असे चार विषय आणि प्रत्येकाखाली 100, 200, 300, 400 गुणांचे चौकोन. गटाने चौकोन निवडायचा, त्यावर क्लिक केलं की प्रश्नाची स्लाइड उघडते. सोळा प्रश्न एका तासिकेत बसतात, जास्त घेतले की शेवटच्या गटावर अन्याय होतो.

प्रश्न काढायला वेळ लागला नाही. एक मात्र सांगते, गुण वाढवायचे म्हणजे आडबाजूचा तपशील विचारायचा नाही. 100 ला ‘रक्ताला लाल रंग कशामुळे?’ (हिमोग्लोबिन) हे पुरे. 300 ला ‘रक्तदाब 120/80 मधला 80 काय सांगतो?’ म्हणजे हृदय प्रसरण पावत असतानाचा दाब. आणि 400 ला ‘फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तरी तिला धमनी का म्हणायचं?’ पाठांतर केलेली मुलं इथे अडतात, कारण धमनी ठरते ती रक्त हृदयापासून दूर नेण्यावरून, रक्तात ऑक्सिजन किती आहे त्यावरून नाही. या एका प्रश्नावर वर्गात जी चर्चा झाली, तिच्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला.

खरा वैताग पुढे. विचारून झालेला चौकोन पाटीवरून गेला पाहिजे, नाहीतर ‘बाई, हा झालाय की नाही?’ यातच वेळ जातो. सरळ उपाय म्हणजे चौकोनाला नाहीसं होण्याचं ॲनिमेशन देणं. तो चालत नाही. प्रश्नावरून लिंकने पाटीवर परत आलं की त्या स्लाइडची ॲनिमेशन पहिल्यापासून सुरू होतात आणि गेलेले चौकोन सगळे पुन्हा हजर. आयती मिळालेली एक फाइल उघडून पाहिली, तर तिच्यात मॅक्रो होते आणि शाळेच्या संगणकावर मॅक्रो बंद. संध्याकाळ त्यातच गेली आणि हे कुठेच नीट लिहिलेलं नाही याचा राग अजून आहे.

मार्ग निघाला तो लिंकच्या रंगातून. उघडून झालेल्या लिंकचा रंग बदलतो, आणि तो रंग आपल्याला ठरवता येतो. Design मध्ये Variants, त्यात Colors, मग Customize Colors. यादीत शेवटी Followed Hyperlink असतं. त्याला चौकोनाचाच रंग द्यायचा. माझे चौकोन गडद निळे, म्हणून तिथेही तोच निळा आणि Hyperlink ला पांढरा. प्रश्न उघडून परत आलं की आकडा निळ्यात निळा होऊन दिसेनासा होतो.

पण लिंक आकड्याला द्यायची, चौकोनाला नाही. चौकोन निवडून लिंक दिली तर रंग मुळीच बदलत नाही. आत जाऊन ‘300’ हे अक्षर-अक्षर सिलेक्ट करायचं आणि मग Insert, Link, Place in This Document. आकड्याखाली रेघ आली की समजायचं, बरोबर जमलं. आता क्लिकही नेमकं आकड्यावरच पडावं लागतं, म्हणून आकडे 54 च्या आकारात ठेवा.

उत्तर त्याच स्लाइडवर लपवलेलं असतं. उत्तराच्या चौकटीला Appear द्यायचं आणि Trigger मध्ये ‘उत्तर’ हे बटण निवडायचं. Alt+F10 ने उघडणाऱ्या यादीत आधी बटणाला नाव दिलंत तर शोधाशोध होत नाही. पाटीवर परत न्यायला वेगळं बटण.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: Set Up Slide Show मध्ये Browsed at a kiosk निवडा. नाहीतर बटणाच्या जरा बाजूला क्लिक झालं की पुढच्या प्रश्नाची स्लाइड सगळ्या वर्गाला दिसते. या पर्यायात फक्त लिंक आणि बटणं चालतात. बाहेर पडायला Esc.

गुण मी फळ्यावर खडूनेच लिहिले. स्लाइडवर चालू गुणसंख्या दाखवायची तर पुन्हा मॅक्रोच लागतात, आणि फळ्यावरची बेरीज मुलं स्वतः तपासतात.

घरी चाचणी घेतल्यावर फाइल बंद करून पुन्हा उघडायला विसरू नका. फाइल उघडी असेपर्यंत पुसलेले आकडे पुसलेलेच राहतात. ‘अ’ तुकडीनंतर लगेच ‘ब’ मध्ये तास असेल तर मधल्या दोन मिनिटांत हे करावंच लागतं.