डेमो लेक्चरच्या पोस्टची कॅप्शन लिहिताना

स्पर्धा परीक्षेच्या एका क्लाससाठी मोफत डेमो लेक्चरची इन्स्टाग्राम कॅप्शन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सरांकडून मिळालेला मजकूर एवढाच होता : ‘येत्या रविवारी मोफत डेमो, जागा मर्यादित, त्वरित नोंदणी करा.’ पोस्ट काही दिवसांनी पाहणाऱ्याला ‘येता रविवार’ कोणता हे कळत नाही, म्हणून मी सर्वप्रथम वार, तारीख आणि वर्ष एकत्र मागून घेतले आणि वार कॅलेंडरवर ताडून पाहिला. जुन्या पोस्टचे स्क्रीनशॉट पुढच्या वर्षीही फिरत राहतात, त्यामुळे वर्ष लिहिणे मला आवश्यक वाटते.

फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर वाचण्यासाठी विद्यार्थ्याला तो उघडावा लागतो. म्हणून शुभेच्छा व संस्थेचा परिचय खाली नेऊन मी सुरुवात अशी केली :

‘शेकडेवारी व नफा-तोटा : मोफत डेमो लेक्चर. रविवार, 14 जून 2026, सकाळी 10 ते 11:30. नोंदणी शुक्रवार, 12 जून, सायंकाळी 6 पर्यंत, लिंक प्रोफाइलमध्ये.’

विषयाचे नाव आधी देण्याचे कारण असे की, त्या घटकात अडलेला विद्यार्थी ‘डेमो’ या शब्दासाठी नव्हे, तर शेकडेवारीसाठी थांबतो. ‘जागा मर्यादित’ ऐवजी खोलीची क्षमता विचारून ‘60 जागा’ असे लिहिले. ‘मोफत’ या शब्दाबाबत मी विशेष आग्रही होते, कारण पुढे शुल्क मागितले जाईल या शंकेने अनेक जण नोंदणीच टाळतात. त्यामुळे लेक्चर आणि त्यात वाटला जाणारा सरावसंच दोन्ही विनाशुल्क आहेत व पुढील बॅचला प्रवेश घेण्याचे बंधन नाही, हे सरांकडून निश्चित करून घेतल्यावरच ते वाक्य लिहिले.

नोंदणीचा भाग सर्वांत नाजूक होता. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये चिकटवलेली लिंक दाबून उघडत नाही, आणि चित्रावरचा क्यूआर कोड त्याच मोबाइलवर पोस्ट पाहणाऱ्याला सहज स्कॅन करता येत नाही, म्हणून लिंक प्रोफाइलमध्ये ठेवली. गूगल फॉर्ममध्ये नाव, मोबाइल क्रमांक आणि कोणत्या परीक्षेची तयारी चालू आहे, एवढेच विचारले. हॉल तिकीट अपलोड करण्याची सूचना आली होती. पण फाइल जोडण्याचा प्रश्न ठेवला की गूगल खात्यात लॉगिन करावेच लागते आणि काही विद्यार्थी तिथेच फॉर्म सोडतात, त्यामुळे ती मी स्वीकारली नाही. फॉर्म भरल्यानंतर दिसणाऱ्या संदेशात तारीख, वेळ आणि पत्ता पुन्हा दिला, आणि ज्या मोबाइलवर गूगल खाते उघडलेले नव्हते, अशा मोबाइलवरून फॉर्म भरून पाहिल्यावरच पोस्ट टाकली.

पोस्ट टाकल्यानंतर कॅप्शन बदलता येते, परंतु चित्र बदलता येत नाही, म्हणून चित्रावर केवळ विषय, तारीख, वेळ आणि ठिकाण घेतले होते. जागा भरताच फॉर्म बंद केला आणि ‘नोंदणी पूर्ण झाली आहे’ हे वाक्य कॅप्शनच्या पहिल्या ओळीत आणले.