अबोल्याचं काय झालं?

गुरुवार, रात्री

पाच वर्षांनी त्याने 'परत प्रयत्न करूया का?' असं विचारलंय. घाईने उत्तर द्यायचं नाही, एवढं त्याच दिवशी ठरवलं.

परवा जुने चॅट उघडले. पहिल्या वर्षाचे मुद्दाम वाचले नाहीत. ते वाचून कुणीही परत जाईल. मी शेवटचे दोन महिने वाचले. त्यात भांडणं फारशी नाहीतच. आहेत ते माझे एकामागोमाग एक मेसेज आणि पलीकडून काहीच नाही. घरी कधी सांगायचं हा विषय निघाला की तो अबोला धरायचा, कधी दोन दिवस, कधी आठवडा. बाबांची बायपास झाली तेव्हाही तो असाच रुसून बसला होता. आम्ही तुटलो ते त्यामुळे. अंतर, नोकरी वगैरे नंतर लोकांना सांगायची कारणं.

म्हणजे प्रश्न 'अजून प्रेम आहे का' हा नाहीच. आहे थोडंफार. गेल्या वर्षभरात सगळ्या मैत्रिणींची लग्नं उरकली, त्यामुळे त्यातलं किती त्याच्यासाठी आणि किती नुसतं कुणीतरी असावं म्हणून, हे सांगणं कठीण. म्हणून मी अबोल्यापुरतंच बघायचं ठरवलं.

दादरला भेटलो तेव्हा थेट विचारलं, "गप्प का व्हायचास?" आधी म्हणाला, "तेव्हा अक्कल नव्हती गं." हे उत्तर माझ्या कामाचं नव्हतं. मग जरा थांबून म्हणाला, "आईला काय सांगू ते सुचायचं नाही. तू विचारलंस की वाटायचं, आता पकडला गेलो." हे खरं वाटलं, कारण यात तो चांगला दिसत नव्हता.

तरी नुसत्या कबुलीवर कोण भुलतंय! निघताना घराचाच विषय निघाला. लग्नानंतर मी डोंबिवली सोडणार नाही, बाबा एकटे आहेत, असं म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. पूर्वी इथूनच मौनव्रत सुरू व्हायचं. या वेळी म्हणाला, "आज नीट बोलता येणार नाही मला. उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करतो." आणि केला. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्याने ते पूर्ण मांडलं.

एकदाच झालंय हे. नव्या नवलाईत कुणीही नीट वागतं. शिवाय खरी कसोटी आईसमोर आहे, माझ्यासमोर नाही.

म्हणून आज कळवलंय: सध्या हो नाही, नाहीही नाही. दिवाळीपर्यंत भेटत राहू, पण माझ्या घरी तोवर कुणाला सांगायचं नाही. त्याने मात्र आईशी बोलायचं, आणि मी आठवण करून देणार नाही. दिवाळी उलटली आणि ते बोलणं झालेलंच नसलं, तर माझं उत्तर नाही. हेही त्याला आत्ताच लिहून दिलंय, नंतर 'तू सांगितलंच नाहीस' नको.

'ठीक' असं उत्तर आलंय. बघू.