तुम्ही विचारलंत म्हणून : ‘क’ कुठे ठेवायचा

“अडखळत बोलणाऱ्या माणसाला भाषण लिहून देताना तुम्ही त्याची अवघड अक्षरं काढूनच टाकता का?”

काढत नाही. जागा बदलतो. हे नीट कळावं म्हणून गेल्या जानेवारीतलं एक भाषण सांगतो.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात काम करणारा मुलगा माझ्याकडे आला. १२ जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणाचा छोटा कार्यक्रम होता आणि त्याला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी त्याला आधी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायला लावली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. तीच बातमी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा अडखळणं बरंच कमी झालं. तोच मजकूर पुन्हा वाचला की बहुतेकांचं असंच होतं, म्हणून खुणा पहिल्या वाचनाच्याच धरायच्या. नंतर त्याला कागद बाजूला ठेवून घरचं काहीतरी सांगायला लावलं. दोन्हीकडे क, ब आणि ज अडत होते. पण कधी? तो स्वतःच म्हणाला, “सर, मधे आलं की जातंय वो. सुरुवातीलाच गळा धरतंय.”

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. अडखळणं जास्त करून वाक्याच्या पहिल्या शब्दावर, किंवा थांबून पुन्हा सुरू करताना होतं. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो आणि वाट पूर्ण बंद होते. त्याचं नेमकं तिथेच कुलूप लागायचं. ‘म’ला ओठ मिटतात, पण नाकातून आवाज चालू राहतो. ‘स’ला हवा थांबतच नाही. त्याला म, स आणि सगळे स्वर सोपे जात होते. ही यादी दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी लावू नका. एका मुलीचं शाळेतलं निरोपाचं भाषण लिहिलं होतं, तिला स्वरच अवघड जायचे. ‘आई’ म्हणताना तिचा घसा मिटायचा, तर ‘माझी आई’ सहज निघायचं.

आता मराठीची सोय बघा. आपले प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ हलत नाही. माझं पहिलं वाक्य होतं, “बारा जानेवारी एकोणीसशे एकतीसला सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली.” सुरुवातीलाच ‘ब’. ते असं केलं : “सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली ती एकोणीसशे एकतीसच्या जानेवारीत बारा तारखेला.” ‘स’वर वाक्य सुटलं आणि ‘ज’ व ‘ब’ वाहत्या आवाजात आले. एकही माहिती गाळावी लागली नाही.

खरी कसोटी नावांची होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावाला पर्यायी शब्द नसतो, आणि कुणाला असावा असं मला वाटतही नाही. त्यातून ओळीने नावं वाचताना माणूस प्रत्येक नावाआधी थांबतो, म्हणजे चार नावं म्हणजे चार नव्या सुरुवाती. मी नावाआधी त्याला सोपा जाणारा शब्द जोडला : “मल्लप्पा धनशेट्टी. सोबत होते कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. आणि आपले जगन्नाथ शिंदे.” ‘होते’मधला ‘ए’ न तोडता ‘कु’वर जायचं, ‘आपले’मधला ‘ए’ न तोडता ‘ज’वर.

पहिल्या तालमीत तो ‘कुर्बान’वर तरीही अडला. दुसऱ्यांदाही तिथेच. मजकुरात काही चुकलंय असं वाटून मी शब्द शोधत बसलो. मग कागद हातात घेतला तेव्हा दिसलं की ‘होते’पाशी ओळ संपत होती आणि ‘कुर्बान’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला होतं. डोळा खाली उतरताना आवाज तुटत होता आणि मी मोडलेली सुरुवात छपाईने परत आणून ठेवली होती. अक्षर मोठं करून ओळी पुन्हा पाडल्या. श्वास जिथे घ्यायचा तिथेच ओळ तोडायची आणि अवघड शब्द ओळीच्या पोटात ठेवायचा. त्यानंतर ते नाव तीनदा म्हटलं, दोनदा सरळ गेलं.

ऐन वेळी शब्द बदलायची मुभाही ठेवावी लागते, कारण आज सोपा गेलेला शब्द उद्या अडू शकतो. पण मराठीत इथे एक खड्डा आहे, लिंगाचा. “त्यांनी कष्ट घेतले” म्हणायचं होतं आणि ऐन वेळी ‘कष्ट’ अडलं म्हणून ‘मेहनत’ म्हटलं, तर शेवटी ‘घेतली’ म्हणावं लागतं. जीभ मात्र ‘घेतले’ म्हणायला तयार झालेली असते, आणि मग माणूस दुसऱ्यांदा अडकतो. म्हणून पर्याय त्याच लिंगवचनाचा द्यायचा : कष्ट आणि श्रम, दोन्ही ‘घेतले’. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागत असेल तर कर्ता खुशाल बदला. १९३० च्या मे महिन्यातल्या घटनेबद्दल त्याच्या कागदावर ‘जनतेने’ आणि त्याच्या वर बारीक अक्षरात ‘लोकांनी’ असं लिहिलं होतं. पुढचं “शहर स्वतः चालवलं” दोन्हींना चालतं.

माझी मोठी चूक वेगळीच होती. सोपं करण्याच्या भरात मी ‘बलिदान’च्या जागी ‘आत्मार्पण’ घातलं. व्याकरणाला दोन्ही सारखे, दोघांनाही ‘केलं’ लागतं, म्हणून मी खूश होतो. त्याने वाचलं आणि कागद खाली ठेवला. “सर, हा शब्द मी कधीच म्हणत नाही. बलिदानच लिहा. अडलो तर अडलो.” तेव्हा मला माझ्या कामाची हद्द कळली. अवघड शब्द टाळत गेलं की टाळायच्या शब्दांची यादी वाढत जाते आणि त्या शब्दाची धास्तीही वाढते. वाचा-उपचारतज्ज्ञ हे आवर्जून सांगतात. मी उपचार करत नाही, मजकूर लिहितो. म्हणून आता बदल सुचवतो, कारण सांगतो आणि शेवटची काट त्याच्या पेनने होऊ देतो. ‘बलिदान’ परत आलं, तेही त्याला हवं तिथे, वाक्याच्या तोंडाशी.

कार्यक्रमाआधी पुढच्या रांगेतल्या दोघातिघांना एवढंच सांगितलं, की तो थांबला तर शब्द सुचवू नका. त्याला शब्द माहीत असतो. वरून कुणी तो म्हटला की घाई वाढते.

‘सोबत होते कुर्बान हुसेन’ एका श्वासात गेलं. जगन्नाथ शिंदेही. ‘बलिदान’वर तो थांबला. ओठ मिटलेले, मान किंचित पुढे, चारपाच सेकंद. मंडपात कुणी हललं नाही. मग त्याने ओठ सैल केले आणि तो शब्द पुन्हा, सावकाश म्हटला, आणि तिथून पुढचं वाक्य मूळ कागदापेक्षा संथ लयीत पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी तो तोच कागद घेऊन आला. ‘आपले जगन्नाथ शिंदे’ मधला ‘आपले’ त्याने पेन्सिलीने खोडला होता. “पुढच्या वर्षी नुसतं नाव म्हणून बघतो,” म्हणाला. मी तो कागद तसाच त्याच्या फाईलीत लावून ठेवला आहे.