डाक्टर फोन उचलत नाही

घाटंजीच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन माणसं भांडतच आली. एक आमच्या भागात जनावरांवर उपचार करणारे खासगी डॉक्टर, दुसरे पारव्याकडचे एक शेतकरी काका. पहाटे काकांची गाय अडली होती. डॉक्टरांचा फोन लागेना, म्हणून ते दुसऱ्याला शोधत मोटारसायकलवर फिरले. गाय वाचली, वासरू गेलं.

"म्या किती फोन लावले! कोणी बाई इंग्रजीत बोलते अन् टूं वाजते," काका म्हणाले. डॉक्टरांनी आपला फोन माझ्यासमोर धरला. "बघ दादा, यांचा एकही मिस्ड कॉल नाही."

मी दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि कॉलची यादी उघडली. काकांच्या फोनवर पहाटेचे कॉल होते, आणि प्रत्येकापुढे काही सेकंदांचा वेळ होता. म्हणजे पलीकडून कोणीतरी फोन उचलला होता. डॉक्टरांच्या यादीत मात्र त्या वेळेला काहीच नव्हतं. दोघंही खरं बोलत होते. फोन सायलेंट असता तर मिस्ड कॉल दिसला असता. इथे कॉल हँडसेटपर्यंत पोहोचतच नव्हता; कंपनीच्या नेटवर्कमधूनच तो व्हॉइसमेलकडे वळत होता. ती इंग्रजी बोलणारी बाई म्हणजे व्हॉइसमेलचं रेकॉर्डिंग. आपल्याकडे त्या आवाजानंतर निरोप ठेवायचा असतो हे किती जणांना ठाऊक आहे? माणूस घाबरून फोन ठेवतो.

खात्रीसाठी मी व्हॉट्सॲप कॉल लावला, तो खणखणीत वाजला. तो इंटरनेटवरून येतो, त्याला हे वळण लागू नाही. हँडसेट ठीक होता. डॉक्टर म्हणाले, फोन बिघडला असेल असं वाटून त्यांनी सिम दुसऱ्या हँडसेटमध्येही घालून पाहिलं होतं, तरी तेच. तसंच होणार, कारण ही नोंद हँडसेटमध्ये नसते, नंबरच्या नावे नेटवर्कमध्ये असते.

फोनमध्ये दोन सिम होते, म्हणून कामाचा नंबर निवडून मी हा कोड लावला:

```
*#21#
```

पडद्यावर आलं की सगळे व्हॉइस कॉल फॉरवर्ड आहेत, आणि खाली एक नंबर. तो डॉक्टरांना ओळखू येईना. मला आधी फसवणुकीची शंका आली. अनोळखी माणूस `*401*` ने सुरू होणारा कोड लावायला सांगतो आणि आपले कॉल, ओटीपीचेसुद्धा, त्याच्याकडे वळतात. याच कारणाने दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून `*401*` सारख्या कोडने कॉल वळवण्याची सेवा बंद करायला कंपन्यांना सांगितलं. पण नंबर तपासला तर तो कंपनीच्या व्हॉइसमेलचा निघाला. तेव्हा डॉक्टरांना आठवलं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला असताना त्यांनी फोनच्या सेटिंगमधून 'नेहमी फॉरवर्ड करा' चालू केलं होतं. गावी परतल्यावर ते काढायचं राहून गेलं.

फॉरवर्डिंग काढायला मी `##21#` लावला. `##002#` लावला असता तर सगळीच फॉरवर्डिंग गेली असती, रेंज नसतानाची सुद्धा, आणि खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या डॉक्टरांना ती हवी होती. पुन्हा `*#21#` लावून पाहिलं, फॉरवर्ड नाही असं आलं. काकांनी तिथूनच फोन लावला, वाजला. काही फोनवर हे कोड चालत नाहीत. तिथे फोन ॲपच्या सेटिंगमधलं कॉल फॉरवर्डिंग उघडावं लागतं.

काका गेले, डॉक्टर चहाला थांबले. एक वाजून गेल्यावर त्यांनी सहज फोन पाहिला तर एका शेतकऱ्याचा मिस्ड कॉल. फोन टेबलावरच होता, वाजला नव्हता. तेवढ्यात त्याच माणसाचा पुन्हा कॉल आला आणि तो मात्र वाजला.

या वेळी मिस्ड कॉल दिसत होता, म्हणजे दोष वेगळा आणि हँडसेटमधलाच. 'डू नॉट डिस्टर्ब' उघडलं तर दुपारी एक ते चार असा रोजचा नियम सापडला. वॉर्डात वडील दुपारी झोपायचे, तेव्हाचा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तोच माणूस 15 मिनिटांत पुन्हा फोन करतो तेव्हा कॉल वाजू देण्याची सोय असते, म्हणून दुसरा कॉल वाजला. या सोयीमुळेच दोष लपतो: आपण दोनदा लावून पाहतो, दुसऱ्यांदा वाजतो, आणि फोन ठीक आहे असं समजतो. मी तो नियम पुसून टाकला.

रेंज नसतानाचं फॉरवर्डिंग पाहायला `*#62#` लावलं. तेही व्हॉइसमेलवरच होतं. डॉक्टर म्हणाले, "मशीन नको, कोणीतरी माणूस बोलला पाहिजे." मग `**62*` नंतर वहिनींचा नंबर आणि शेवटी `#` असं लावून दिलं. आता डॉक्टर रेंजबाहेर असले की फोन वहिनी उचलतात, गाव आणि जनावराचं काय झालं ते लिहून घेतात.