हमाली धरली का?

पांढरकवड्याकडं आमच्या गटातल्या शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे, कापूस आणि तूर खरेदी करते. तिचं टोकन, वजन आणि चुकाऱ्याचं काम आतापर्यंत रजिस्टर आणि एक्सेलवर चालायचं आणि दर हंगामात दोन-चार शेतकऱ्यांचे चुकारे अडकायचे. तर एक छोटं ॲप बनवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. काम बोलायला बसलो तर अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, बनवाले किती ते समजलं, आता दर महिन्याले किती लागतीन ते सांग."

मी तिथंच, त्यांच्या ओसरीत बसून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर AWS चा, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या सेवेचा, प्राइसिंग कॅल्क्युलेटर उघडला आणि पंधरा मिनिटांत सांगून टाकलं, "पाच हजार धरा." त्यांनी डायरीत लिहून घेतलं. तो आकडा चूक होता, आणि नेमका कुठं चुकला हे मी अजून डोक्यात घोळवत असतो म्हणून लिहितोय.

ॲप साधं तीन थरांचं. पुढं वेब सर्व्हर, मधे ॲपचा कोड, मागं डेटाबेस. कॅल्क्युलेटरमधे मी काय केलं, तर रीजन मुंबई निवडला (हे तरी आठवलं, नाहीतर उघडल्या उघडल्या समोर असतो तोच राहतो आणि भाव त्या देशातले दिसतात), मग दोन t3.small मशीन टाकल्या, प्रत्येकी २० जीबी डिस्क, आणि RDS मधे, म्हणजे AWS च सांभाळतं त्या डेटाबेसमधे, सगळ्यात लहान साइजचा MySQL. बेरीज ५५ डॉलरच्या आसपास आली. डॉलर ९० रुपये धरला, झाले पाच हजार. तुमच्यापैकी ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांना सांगतो, कॅल्क्युलेटरमधे "Show calculations" असं एक दाबायचं असतं, ते उघडलं की आतला गुणाकार दिसतो. माझा असा होता:

```
2 x 0.0224 USD x 730 hours = 32.70 USD
```

७३० म्हणजे वर्षाचे ८७६० तास भागिले १२. दिवसरात्र चालू धरलेलं. हा गुणाकार बघून मला बरं वाटलं, हिशोब समजला असं वाटलं. पण हा फक्त मशीनचा भाव होता. बाजार समितीत कापसाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि हातात पडणारी रक्कम वेगळी असते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मी बावळटासारखा फळ्यावरचा भाव सांगून आलो होतो.

कळलं कसं ते सांगतो. रात्री घरी कागदावर ॲपचं चित्र काढत होतो, शेतकऱ्याच्या मोबाईलपासून डेटाबेसपर्यंत एक रेघ. शेतकरी टोकन मागतो, त्याची विनंती कुठून आत येते? आलेल्या विनंत्या मागच्या मशीनींना वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधून. तो कॅल्क्युलेटरमधे आहे का? नाही. ॲपची मशीन खाजगी सबनेटमधे, नेटवर्कच्या आतल्या भागात, ठेवली, म्हणजे बाहेरून थेट पोचता येत नाही, चांगली गोष्ट. पण चुकारा झाला की एसएमएस पाठवायचा तर ॲपला बाहेर जावं लागतं, एसएमएस कंपनीच्या सर्व्हरपर्यंत. खाजगी सबनेटमधून बाहेर जायला नॅट गेटवे लागतो. तो आहे का? नाही. मी यातलं काही टाकलंच नव्हतं, आणि जे टाकलं नाही त्याची ओळच दिसत नाही. शून्य लिहून आलं असतं तरी शंका आली असती. तुम्ही न सांगितलेली गोष्ट कॅल्क्युलेटरला माहीत नसते.

मग रेघेवरची एकेक गोष्ट टाकत गेलो. नॅट गेटवे:

```
730 hours x 0.056 USD = 40.88 USD
```

४१ डॉलर, नुसता चालू ठेवायचे! त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला पुन्हा तेवढाच दर, ५.६ सेंट, पण आमचे एसएमएसचे निरोप म्हणजे काही केबी, ते सोडून द्या. माझ्या दोन मशीनची बेरीज ३२.७० आणि त्यांना बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्याचे ४१. घराच्या भाड्यापेक्षा फाटकाचं भाडं जास्त. लोड बॅलन्सर साडेसतरा डॉलर, वर वापरानुसार थोडं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्रत्येक सार्वजनिक IPv4 पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, म्हणजे महिन्याला ३.६५. लोड बॅलन्सरला निदान दोन झोन, म्हणजे एकाच रीजनमधली वेगवेगळी डेटासेंटर, लागतात, म्हणून त्याचे दोन पत्ते, नॅटचा एक, झाले जवळपास ११. एकूण १२५ डॉलर. कॅल्क्युलेटरच्या आकड्यात कर नसतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. ९० च्या भावानं सव्वातेरा हजार रुपये.

पाच हजार सांगून आलेला माणूस मी.

पुण्यातल्या एका मित्राला फोन केला, तो मोठ्या कंपनीत हेच करतो. त्यानं सगळं ऐकून सांगितलं, नॅट एक नको, प्रत्येक झोनला एक पाहिजे, आणि डेटाबेसला मल्टी-एझेड कर. मल्टी-एझेड म्हणजे डेटाबेसची एक जुळी प्रत दुसऱ्या झोनमधे तयार उभी, एक पडली की दुसरी चालू, आणि डेटाबेसचा भाव दुप्पट. मी म्हटलं, बाबा, इथं दुपारी लाइट गेली की वजनकाटाच बंद पडतो, डेटाबेस अर्धा तास बंद राहिला तर शेतकरी चहा पिऊन येईल. त्याला ते पटलं नाही. ही मंडळी चूक सांगत नाहीत, पण बिल कंपनीचं असतं, त्यामुळं चित्रातली प्रत्येक पेटी त्यांना फुकट वाटते.

उलट इकडं अध्यक्षांचा पुतण्या, बीसीए झालेला, त्याला एकच भीती, "डेटा लई जाईन, पावतीचा पीडीएफ हाय." बसून हिशोब करून दाखवला. पावती २०० केबी, हंगामात दिवसाला ५०० पावत्या, म्हणजे दिवसाला १०० एमबी, महिन्याला ३ जीबी. बाहेर जाणारा पहिला १०० जीबी डेटा महिन्याला फुकट असतो. म्हणजे ज्याची सगळ्यांना भीती ते शून्य, आणि ज्याचं नाव कोणाला माहीत नाही ते ४१ डॉलर.

आता कमी कसं करायचं. लोड बॅलन्सर आधी काढला, कारण मागं वेबची मशीन एकच, एका बैलाला जू कशाला? तिलाच पत्ता दिला, Nginx आणि फुकटचं सर्टिफिकेट. नॅटवर मात्र दोन रात्री घालवल्या. डेटाबेसच्या बॅकअपची फाइल S3 मधे, AWS च्या फाइल ठेवायच्या कोठारात, टाकायची तर नॅट लागत नाही, त्यासाठी गेटवे एंडपॉइंट नावाचा आतला रस्ता असतो आणि त्याला पैसे नाहीत. राहिला एसएमएस आणि मशीनचे अपडेट. या दोन गोष्टींसाठी ४१ डॉलर. एक लहानशी मशीन स्वतःच नॅट म्हणून उभी करता येते, पण ती पडली तर रात्री उठणारा मीच. शेवटी ॲपची मशीन सार्वजनिक सबनेटमधे आणली, तिला स्वतःचा पत्ता दिला आणि सिक्युरिटी ग्रुपमधे, म्हणजे मशीनमधे कोणी यायचं त्या नियमांच्या यादीत, लिहिलं की आत फक्त वेबच्या मशीनकडून यायचं, बाकी कोणी नाही. डेटाबेस खाजगीच राहिला.

पत्ते दोन, ७.३०. एकूण ६२ च्या वर थोडं, जीएसटी धरून ६,६०० रुपये.

हे बरोबर केलं का? सिक्युरिटी ग्रुप नीट असेल तर बाहेरून दार बंदच आहे. पण आधी दोन कुंपणं होती आणि आता एक आहे, आणि त्या एका कुंपणात उद्या कोणी घाईत एक ओळ चुकीची टाकली, तर मशीन उघडी पडणार. खाजगी सबनेटमधे असती तर ती चूक पचली असती. ४१ डॉलरमधे चूक पचवायची सोय विकत मिळत होती, असं आता वाटतं. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास, कंपनीचा एक हमाल पाच-सहा दिवसांसाठी.

परत ओसरीत गेलो. आकडा बदलला हे सांगताना मान खालीच होती. अध्यक्षांनी मधेच थांबवलं, "पाच हजाराचे सहा हजार सहाशे काहून झाले?" मी नॅट, पत्ते, कर सगळं त्यांना समजेल असं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पयल्यांदा तू हमाली-तोलाई धरलीच नव्हती." मी म्हटलं, "नव्हती धरली, काकाजी."

मग त्यांनी एक विचारलं जे मला सुचलंच नव्हतं. "दिवाळी ते मार्च कापूस येते. उन्हाळ्यात जिनिंग बंद, तर तुही मशीन चालू कायले ठेवाची?" बरोबर आहे, ७३० तास बारा महिने कोणी सांगितलेत? पण बंद करण्यातही खाचा आहेत. मशीन बंद केली की तासाचे पैसे थांबतात, डिस्कचे चालूच राहतात, आणि राखून ठेवलेल्या पत्त्याचेही. डेटाबेस तर बंद केला की सात दिवसांनी आपोआप पुन्हा चालू होतो, विसरलात तर बिल चालू. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची आहे तशी एक प्रत, घेऊन डेटाबेस पुसायचा आणि ऑक्टोबरात त्यावरून पुन्हा उभा करायचा, मग फक्त स्नॅपशॉटच्या साठवणीचे किरकोळ पैसे. मी कॅल्क्युलेटरमधे दोन वेगळे गट केले, हंगाम आणि उन्हाळा, उन्हाळ्याच्या गटात डिस्क, पत्ते आणि स्नॅपशॉट एवढंच. तो गट महिन्याला हजार-बाराशेच्या वर गेला नाही.

त्यांनी डायरीतले पाच हजार खोडले, खाली दोन ओळी लिहिल्या, हंगाम ६,६००, उन्हाळा १,२००. मग पेन तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "अन् हे पुसाचं, पुन्हा उभं कराचं, अपडेट का काय ते, थे कोण करन?"

"मीच."

"मंग तुह्या हमालीचं काय? थे त्या मशीनीत धरलं का?"

तिसरी ओळ त्यांनी रिकामी सोडलीय. मी अजून आकडा सांगितला नाही.