सात वारांचे सात हात

‘बाई, माझी मुलगी सातही वार घडाघडा म्हणते. पण बुधवारनंतर कोणता वार, असं विचारलं की गोंधळते. तुम्ही वर्गात हे गाणं कसं घेता?’

परळला आमची बालवाडी आहे आणि तिथे चार-साडेचार वर्षांच्या मुलांना घ्यायला येणारे पालक दरवर्षी हे विचारतात. मूल सातही वार म्हणते तेव्हा बहुतेक वेळा ते सात शब्द म्हणत नसते, एकच लांब शब्द म्हणत असते. त्यात सगळ्या वारांचा शेवट सारखा असल्याने यमक ओळख पटवण्याच्या कामी येत नाही. त्यामुळे मधले वार पुसट होतात, आणि शुक्रवार व शनिवार दोन्ही ‘श’ने सुरू होत असल्याने त्यांची हमखास अदलाबदल होते. म्हणून प्रत्येक वाराला शरीरावर एक ठिकाण देऊन तो क्रम पायांपासून वर चढत नेणारे गाणे मी घेते.

सोमवार सोमवार, पायांना हात,
मंगळवार मंगळवार, गुडघ्यांना हात,
बुधवार बुधवार, कमरेला हात,
गुरुवार गुरुवार, छातीला हात,
शुक्रवार शुक्रवार, खांद्यांना हात,
शनिवार शनिवार, डोक्याला हात,
रविवार रविवार, आभाळाला हात!

(शनिवारच्या ओळीला दारात उभे असलेले पालक हसतात. मुलांना त्यातला विनोद कळत नाही, आणि ते बरेच आहे.)

वाराचे नाव पहिल्यांदा उच्चारताना हात त्या जागी पोचलेला असावा आणि दुसऱ्यांदा उच्चारताना तिथे एक थाप पडावी. थाप ‘वार’वर न देता ‘सोम’, ‘मंगळ’, ‘बुध’ या सुरुवातीच्या भागावर द्यायची, कारण वेगळेपण तिथेच आहे. सगळ्या कृती दोन्ही हातांनी एकसारख्या ठेवल्या आहेत, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या बाईंचा डावा हात आपला कोणता, हा प्रश्न मुलांना पडत नाही. शुक्रवारी खांद्यांवर बोटे टेकवून कोपरे बाहेर काढायची, तर शनिवारी दोन्ही तळवे टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे. या दोन कृती जितक्या वेगळ्या दिसतील तितकी अदलाबदल कमी होते. उड्या आणि गोल फिरणे मी मुद्दाम वगळले आहे. चाळीतल्या खोलीत वीस मुले उभी राहिली की हात पसरायलाही जागा उरत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे लोकही माणसेच असतात.

रविवारनंतर टाळ्या वाजवून थांबू नये, हे मी आग्रहाने सांगते. टाळ्या वाजल्या की मुलाच्या मनात आठवडा रविवारी संपतो आणि सोमवार ही नवी, वेगळीच गोष्ट ठरते. आभाळाकडे गेलेले हात सरळ खाली आणून पायांना लावायचे आणि त्याच दमात ‘सोमवार सोमवार’ सुरू करायचे. अशी दोन आवर्तने एका वेळी पुरतात. तिसऱ्या आवर्तनाला मुले वेग वाढवतात आणि शब्द पुन्हा एकमेकांना चिकटतात.

गाणे बसले की खरे काम सुरू होते. आधी मी गप्प राहून फक्त कृती करते आणि वाराचे नाव मुले सांगतात. मग उलट करते, म्हणजे नाव मी घेते आणि हात मुलांनी ठेवायचा. इथे एक फसवणूक ओळखता आली पाहिजे. काही मुलांचा हात अर्धा क्षण उशिरा पोचतो, कारण ती शेजाऱ्याकडे पाहून करत असतात. अशा वेळी सर्वांना डोळे मिटायला सांगितले की कोणाला वार येतो आणि कोणाला शेजारी येतो, ते लगेच दिसते.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. ‘बुधवारनंतर?’ असे विचारल्यावर तिच्या हातांकडे पाहा. ते पायांकडे गेले, तर ती साखळी सुरुवातीपासून ओढते आहे. तसे झाले तर उत्तर सांगू नका. तिचे हात कमरेवर ठेवा, ‘बुधवार बुधवार’ म्हणा आणि थांबा. हात वर छातीकडे जातात आणि मागोमाग ‘गुरुवार’ येतो. त्यानंतर काही दिवस गाणे सोमवारपासून सुरूच करू नका, त्या दिवशी जो वार असेल तिथून सुरू करून तिथेच आणून सोडा. आज गुरुवार असेल तर छातीपासून निघायचे आणि आभाळ, पाय करत पुन्हा छातीवर यायचे. ‘उद्या’ म्हणजे हात एक जागा वर आणि ‘काल’ म्हणजे एक जागा खाली, हेही याच वेळी सांगता येते. ‘काल’ मात्र उशिरा जमतो, कारण गाणे खाली उतरत कधी म्हटलेलेच नसते.

मूल तीन वर्षांचे असेल तर सोमवार, मंगळवार आणि सुट्टीचा रविवार एवढेच घ्यावेत. सुट्टीच्या दिवशी आई-बाबा घरी असतात, किंवा मेगाब्लॉकमुळे आजीकडे जाणे पुढे ढकलले जाते, अशा अनुभवांमुळे रविवार त्याला ओळखीचा असतो. मधले चार वार त्याच्या लेखी अजून एकसारखेच असतात.